पेसा गावात नव्याने काम करताना: ग्रामसभेचा अधिकार कुठे सुरू होतो आणि पंचायतीचा कुठे संपतो

हा लेख अनुसूचित क्षेत्रात नव्याने रुजू झालेले ग्रामपंचायत अधिकारी, पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य आणि आपल्या पाड्याची ग्रामसभा नीट चालावी असे वाटणारे गावकरी यांच्यासाठी आहे. बिगरआदिवासी भागातील पंचायतीत काम केलेला माणूस इथे येताना काही सवयी सोबत आणतो. सभा सरपंचांनी बोलवायची, ती पंचायतीच्या मुख्य गावी एकच घ्यायची, ठराव मासिक सभेत तयार करायचे आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचे, अशी ती पद्धत असते. तिकडे हे फारसे कुणाला खटकत नाही. पेसा गावात मात्र याच पद्धतीने केलेला ठराव पुढे आव्हान दिल्यावर टिकत नाही, कारण इथे काही अधिकार कायद्याने पंचायतीला दिलेलेच नाहीत. ते थेट गावाच्या ग्रामसभेला दिलेले आहेत.

पेसा म्हणजे 1996 चा केंद्रीय पंचायत विस्तार कायदा. 73 व्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायतराज आणले, पण पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रे त्यातून वगळली होती आणि तिथे काही बदल करून ती व्यवस्था लागू करण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला होता. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर 1996 मध्ये हा कायदा झाला. महाराष्ट्राने आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात अनुसूचित क्षेत्रांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, त्यात कलम 54-अ पासूनच्या तरतुदी येतात. आणि मार्च 2014 मध्ये राज्याचे पेसा नियम काढले. रोजच्या कामात हे प्रकरण आणि हे नियम यांची मराठी प्रत हाताशी असली म्हणजे पुरते.

पायरी पहिली: गाव खरोखर अनुसूचित क्षेत्रात आहे का, ते कागदावर पाहा

हे वगळून पुढे जाणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची फसगतही ठरलेली असते. गावात सगळे आदिवासी राहतात म्हणून गाव पेसाखाली येत नाही. ते राष्ट्रपतींच्या आदेशातील यादीत असावे लागते. महाराष्ट्रापुरता हा आदेश 1985 चा आहे आणि आजच्या जिल्हारचनेप्रमाणे त्याची गावे 13 जिल्ह्यांत पसरलेली आहेत. सुरगाणा, पेठ, धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा अशा काही तालुक्यांचा सगळा भाग यादीत आहे. आंबेगाव, जुन्नर किंवा अकोले यांसारख्या तालुक्यांत मात्र काही गावे आत आहेत आणि काही बाहेर, म्हणून तिथे तालुक्याच्या नावावर विसंबू नये; गावाचे नाव यादीतच शोधावे. यादी जुनी असल्यामुळे नंतर विभागलेल्या किंवा नाव बदललेल्या महसुली गावांचा मूळ गावाशी मेळ तहसील कार्यालयातील नोंदींवरून घालून घ्यावा लागतो.

रायगड जिल्ह्यात कातकरी आणि ठाकूर वाड्या भरपूर आहेत, पण हा जिल्हा यादीत नाही. त्यामुळे तिथे पेसा लागू होत नाही. गोव्यातही अनुसूचित जमाती आहेत, अनुसूचित क्षेत्र मात्र नाही. अशा ठिकाणी पेसाचा दाखला देऊन केलेला अर्ज पहिल्याच टेबलावरून परत येतो. 2006 चा वनहक्क कायदा मात्र देशभर लागू आहे, म्हणून त्या वाड्यांनी जंगलाच्या बाबतीत त्याच्या वाटेने जावे. आणखी एक गोंधळ सहाव्या अनुसूचीचा होतो. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम येथील काही भागांत स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत आणि त्या काही विषयांवर कायदेही करू शकतात. आपल्याकडे तसे काही नाही. पेसाचा पाया गाव हाच आहे.

पायरी दुसरी: आपले ‘गाव’ नेमके कोणते, हे ठरवा

सर्वसाधारण क्षेत्रात ग्रामसभा म्हणजे एका पंचायतीच्या मतदारयादीतील सगळे मतदार. पंचायतीत चार वाड्या असल्या तरी ग्रामसभा एकच भरते. पेसा इथेच वेगळा होतो. ज्या वस्तीत, पाड्यात किंवा वस्त्यांच्या समूहात एक समाज राहतो आणि आपला व्यवहार रूढी-परंपरेप्रमाणे चालवतो, ते गाव, अशी या कायद्याची व्याख्या आहे आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असते. म्हणजे गट ग्रामपंचायतीत चार पाडे असतील तर पंचायत एक आणि ग्रामसभा चार, अशी स्थिती येऊ शकते आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका गट ग्रामपंचायतीत 1,600 लोकसंख्या आहे, त्यातले 900 लोक मुख्य गावात राहतात आणि डोंगरापलीकडच्या पाड्यात 350. पाड्यातील बायामाणसांना सभेसाठी अर्धा दिवस मोडून मुख्य गावी जावे लागते, त्यामुळे जातात चार-दोन पुरुष. आणि त्यांच्या शिवारातील मोहाची झाडे, नाल्यावरचा बंधारा किंवा जंगलातील गवताचा लिलाव यावर मुख्य गावातील बहुमत निर्णय घेते. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा झाली की हे निर्णय त्या 350 लोकांच्या हातात येतात. पंचायत तशीच राहते, सरपंच तेच राहतात, निवडणूकही पूर्वीसारखीच होते.

पाड्याला गाव म्हणून घोषित करून घ्यायचे तर वस्तीतील मतदारांनी बहुमताने ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो; त्यानंतर पडताळणी होऊन अधिसूचनेचा मार्ग मोकळा होतो. ठरावासोबत मतदारयादीतील आपल्या वस्तीच्या नावांची प्रत आणि पारंपरिक शिवेचा नकाशा जोडावा. हा नकाशा मोजणी खात्याचाच असला पाहिजे असे नाही. हाताने काढलेल्या नकाशावर नाला, डोंगराची धार, वाघदेवाचे ठाणे, गावदेवी, मसणवट आणि गुरे चारण्याची वाट दाखवली, आणि शेजारच्या गावातील जाणत्या माणसांच्या त्यावर सह्या घेतल्या, तर पडताळणीच्या दिवशी शिवेवरून वाद निघत नाही. शेजाऱ्यांना न विचारता काढलेल्या नकाशावर हरकत आली की प्रस्ताव लांबतो, असा सगळीकडचा अनुभव आहे. ठराव देताना कार्यालयाच्या शिक्क्याची, तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये, कारण पुढच्या सगळ्या मुदती त्याच तारखेपासून मोजल्या जातात.

पायरी तिसरी: कोणत्या विषयात किती अधिकार आहे, हे वेगळे करा

‘पेसामुळे गावाला सगळे अधिकार मिळाले’ असे भाषणात म्हणतात, आणि ‘पेसा नुसता कागदावर आहे’ असे चावडीवर म्हणतात. दोन्हींचा काम करणाऱ्याला उपयोग नाही. अधिकारांच्या पायऱ्या आहेत आणि विषय हाती घेण्यापूर्वी तो कोणत्या पायरीवर बसतो, हे पाहावे लागते.

आराखड्याला मंजुरी देणे आणि लाभार्थी निवडणे हे अधिकार सर्वसाधारण क्षेत्रातील ग्रामसभेलाही आहेत, हे इथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे; त्यासाठी पेसाची गरज नव्हती. पेसाने त्यात भर घातली ती विनियोग प्रमाणपत्राची. पंचायतीने खर्च केलेल्या निधीचा विनियोग झाला असे प्रमाणपत्र गावाच्या ग्रामसभेकडून घेणे पंचायतीवर बंधनकारक आहे. म्हणजे गटार बांधून झाले, देयक निघाले, तरी ज्या पाड्यात ते गटार आहे त्या पाड्याच्या सभेने ‘काम झाले, आम्ही पाहिले’ असे म्हटल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

दुसरा प्रकार मालकीचा. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आहे. तेंदूपाने, मोहफुले, हिरडा, चारोळी, डिंक, मध ही त्यातली नेहमीची नावे. आणि बांबू, जो वनविभाग पूर्वी लाकूड मानत असे, तोही गौण वनोपजात येतो. सर्वसाधारण पंचायतीला हा अधिकार मुळीच नाही. पेसा गावांचे आर्थिक चित्र ज्याने बदलू शकते असा हाच एक अधिकार आहे, म्हणून पुढे त्याच्याकडे सविस्तर येऊ.

तिसरा प्रकार पूर्वशिफारशीचा. वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांचा परवाना, पट्टा किंवा लिलाव देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरील पंचायतीची शिफारस घेणे बंधनकारक आहे. चौथा प्रकार केवळ विचारविनिमयाचा. भूसंपादनापूर्वी आणि प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन करण्यापूर्वी विचारविनिमय करावा, असे पेसा म्हणतो. संमती घ्यावी असे म्हणत नाही. ही उणीव 2013 च्या भूसंपादन कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली. त्याच्या कलम 41 प्रमाणे अनुसूचित क्षेत्रातील जमीन घेताना संबंधित ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. म्हणून भूसंपादनाच्या नोटिशीला उत्तर देताना नुसते पेसाचे नाव लिहू नये, हे कलमही लिहावे. राष्ट्रीय महामार्ग किंवा रेल्वे यांसाठी त्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली होणारे संपादन मात्र या पूर्वसंमतीच्या बाहेर राहते, त्यामुळे नोटीस कोणत्या कायद्याखाली आली आहे हे तिच्या पहिल्याच ओळीत पाहून घ्यावे.

याशिवाय लहान जलसाठ्यांचे नियोजन, गावबाजाराचे व्यवस्थापन, सावकारीवर नियंत्रण, दारूविक्रीवर बंदी किंवा निर्बंध आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ न देणे हे विषय कायद्यात आहेत. यांतील काहींसाठी ‘ग्रामसभा किंवा योग्य पातळीवरील पंचायत’ असे मोघम शब्द वापरले आहेत आणि वाद तिथेच होतात. माझे मत असे की, ज्या विषयात शब्द मोघम आहेत तिथे ग्रामसभेने आधी ठराव करावा आणि त्याची प्रत पंचायतीला द्यावी. पंचायतीने आधी ठराव करून ग्रामसभेपुढे तो संमतीसाठी आणणे ही उलटी वाट आहे.

घरपट्टी-पाणीपट्टीची आकारणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नमुना 8 चा उतारा, दिवाबत्ती ही कामे पंचायतीकडेच राहतात. पाड्याच्या ग्रामसभेने ती स्वतःकडे ओढू नयेत. निवडणुकीतील फरक एवढाच लक्षात ठेवावा की, अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींत किमान निम्म्या जागा आणि सरपंचाची सर्व पदे अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात, तर इतरत्र हे आरक्षण लोकसंख्येप्रमाणे आणि फिरते असते. झारखंडच्या प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनेला धरून असल्याचे म्हटले आहे.

पायरी चौथी: सभा भरवा आणि ठराव असा लिहा की तो उभा राहील

सभा कागदावर होते आणि गावात होत नाही, हा सर्वांत जुना रोग आहे. इतिवृत्ताची वही हातात घेतली की तो ओळखता येतो. सगळ्या सह्या एकाच पेनाने केलेल्या दिसतात. मरण पावलेल्या किंवा कामासाठी स्थलांतर केलेल्या माणसाचीही सही असते. एकाच तारखेला, एकाच वेळी दोन पाड्यांच्या सभा झाल्या आणि दोन्हीकडे तोच ग्रामपंचायत अधिकारी हजर होता असे निघते. आणि प्रत्येक विषयाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिलेले असते, सूचक-अनुमोदकाचे नाव नसते. सर्वांत घातक सवय म्हणजे सभेनंतर शेवटच्या सहीखाली दोन-चार कोऱ्या ओळी सोडणे. त्या ओळींत पुढे काय लिहिले जाते, हे गावाला तालुक्याला गेल्यावर कळते. शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ ओढून सभा संपल्याची वेळ लिहिण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

गणपूर्तीबद्दल सावध राहावे. सर्वसाधारण ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. वनहक्काचा विषय असेल तेव्हा मात्र वनहक्क नियमांची गणपूर्ती लागू होते. त्यात ग्रामसभेच्या निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वर घेतलेल्या पाड्यात 220 प्रौढ असतील, तर जंगलाचा निर्णय घेताना 110 माणसे हवीत आणि बरोबर 110 जमली तर त्यांत किमान 37 बायका. एकाच सभेत रस्ता आणि बांबू असे दोन्ही विषय असतील तर कडक गणपूर्ती पाळलेली बरी, म्हणजे कोणता ठराव कशाखाली मोजायचा हा प्रश्नच राहत नाही. सभेची तारीख हाट, भातलावणी आणि तेंदूसंकलन टाळून धरावी. मे महिन्यात दुपारी बोलावलेल्या सभेला कोण येणार?

ठराव कसा लिहावा, त्याचा एक नमुना देतो. गाव आणि आकडे काल्पनिक आहेत.

‘ठराव क्रमांक 3. विषय: नाल्यातील वाळू उत्खननाच्या प्रस्तावावर शिफारस. आमच्या ग्रामसभेच्या शिवेतील मोठ्या नाल्यातून वाळू काढण्याच्या प्रस्तावाची प्रत सभेत वाचून गोंडी भाषेत समजावून सांगण्यात आली. नाल्याच्या वरच्या अंगाला गावाची पिण्याची विहीर 60 मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात तिचे पाणी खाली जाते, असे सदस्यांनी सांगितले. पेसा कायद्याच्या कलम 4 नुसार ग्रामसभा या प्रस्तावाची शिफारस करत नाही. हजर 124, त्यांपैकी स्त्रिया 58. विरोधात कोणी नाही. सूचक, अनुमोदक यांची नावे व सह्या खाली.’

यात चार गोष्टी आहेत: प्रस्ताव वाचून समजावल्याची नोंद, गावाचे कारण, कायद्याचा आधार आणि हजेरी. कारणाशिवाय दिलेला नकार अधिकारी ‘अभिप्राय अप्राप्त’ म्हणून बाजूला ठेवू शकतो, कारणासह दिलेला नकार बाजूला ठेवायला त्याला स्वतःचे कारण लिहावे लागते. ठरावाची प्रत त्याच आठवड्यात जावक क्रमांक घालून गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि विषयाशी संबंधित खाते यांना द्यावी. सभा कोणाच्या अध्यक्षतेखाली झाली आणि त्यांची निवड कशी झाली, हे इतिवृत्ताच्या आरंभीच लिहावे.

पायरी पाचवी: निधी कोठून येतो आणि कोण खर्च करतो, ते समजून घ्या

आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी 5 टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींना थेट देण्याची योजना राज्याने 2015 पासून सुरू केली. तिला बोलीत ‘पेसाचा पाच टक्के अबंध निधी’ म्हणतात. अबंध याचा अर्थ वाटेल तसा नव्हे. पायाभूत सुविधा, पेसा व वनहक्काची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वन-जल-उपजीविका अशा ठरवून दिलेल्या क्षेत्रांतच तो वापरायचा असतो. पण त्या चौकटीत कोणते काम घ्यायचे, हे वरून येत नाही. ते ग्रामसभा ठरवते.

आपल्या उदाहरणातील पंचायतीच्या 1,600 लोकसंख्येला, समजा, 4,80,000 रुपये आले. माणशी 300 रुपये पडले, म्हणजे 350 माणसांच्या पाड्याच्या वाट्याला 1,05,000. पुष्कळ पंचायतींत ही सगळी रक्कम मुख्य गावातील एकाच कामावर लागते आणि पाड्याला निधी आल्याचेही कळत नाही. म्हणून वर्षाच्या आरंभी ‘आमच्या लोकसंख्येच्या प्रमाणात किती रक्कम धरली आहे’ असे लेखी विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात चिकटवावे. मग आराखड्याचा ठराव करताना काम, जागा, अंदाजित रक्कम आणि देखरेख करणाऱ्या दोन व्यक्तींची नावे लिहावीत. वर्षअखेरीस विनियोग प्रमाणपत्र देताना हाच कागद समोर ठेवून काम जागेवर जाऊन पाहता येते. प्रमाणपत्रावर सही मागायला कोणी घरोघर फिरत असेल, तर सभा न घेताच विषय उरकला जातो आहे हे समजावे.

ग्रामसभा कोषाचे खाते उघडले असेल तर त्याचे पासबुक दर सभेत मोठ्याने वाचावे. हा सल्ला साधा वाटतो, पण गावात ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हिशेब तपासण्याची तीच एक वाट असते.

पायरी सहावी: वनोपजाचा पहिला हंगाम

इथे पेसा आणि वनहक्क कायदा एकमेकांना जोडून वापरावे लागतात. पेसा मालकी सांगतो. वनहक्क कायद्यातील सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झाला की कोणते जंगल, कोणत्या कक्ष क्रमांकात, किती हेक्टर, हे ठरते आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे येतो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव लेखा गट ग्रामपंचायतीत असूनही त्याची ग्रामसभा वेगळी चालत आली आहे, निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा ही तिची जुनी रीत आहे. या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेकडे सोपवली गेली, तेव्हा विक्री सुरू झाली. हक्काचा कागद आणि मालाची गाडी यांच्यामध्ये अडलेली गोष्ट ती पुस्तिका होती, हे नवख्याने नीट ध्यानात घ्यावे.

तेंदूपानांच्या बाबतीत राज्यात ग्रामसभेपुढे दोन पर्याय ठेवले जातात. पहिल्यात वनविभाग लिलाव करतो आणि रक्कम ग्रामसभेला मिळते. दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः व्यापारी शोधून करार करते. दुसऱ्यात मिळकत अधिक होऊ शकते, जोखीमही सगळी गावाची असते. पहिल्या वर्षी ज्या गावाला हिशेब ठेवणारी दोन तरुण माणसे सापडत नाहीत, त्याने पहिला पर्याय घेण्यात कमीपणा मानू नये. निर्णय हिवाळ्यातच घ्यावा, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला खुटकटाई, म्हणजे नवी पालवी फुटावी म्हणून तेंदूच्या झुडपांची छाटणी, करावी लागते आणि तिचा खर्च कोणाचा, हे करारात यायला हवे.

समजा, पाड्याने दुसरा पर्याय घेतला आणि 120 प्रमाण गोणी अपेक्षित धरल्या. 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक गोणी असा हिशेब असतो. करारात गोणीमागे 10,000 रुपये ठरले. त्यातले 4,000 तोडणीची मजुरी आणि 6,000 ग्रामसभेची स्वामित्व रक्कम. (दर उदाहरणापुरते आहेत, ते दरवर्षी बदलतात.) एकूण मजुरी 4,80,000 आणि स्वामित्व रक्कम 7,20,000 होते. मजुरी फळीवर, म्हणजे पुडे गोळा करून मोजण्याच्या जागी, दर आठवड्याला मिळते, त्यामुळे लोक खूश असतात आणि मोठी रक्कम ‘पावसाळ्यानंतर’ या शब्दावर अडकते. बुडणारा पैसा बहुतेक वेळा हाच असतो. म्हणून 1,80,000 रुपये कराराच्या दिवशी ग्रामसभेच्या खात्यात घ्यावेत आणि माल 40-40 गोण्यांच्या तीन खेपांत सोडावा. प्रत्येक खेपेच्या वाहतूक परवान्यावर सही करण्यापूर्वी 1,80,000 खात्यात जमा झाल्याचे बँकेतून पाहून यावे. चार वेळचे मिळून 7,20,000 पूर्ण होतात आणि शेवटची गाडी निघते तेव्हा व्यापाऱ्याकडे काही बाकी राहत नाही. धनादेश दाखवून परवाना मागितला तर तो वटेपर्यंत थांबावे. परवाना हेच ग्रामसभेच्या हातातले हत्यार आहे. गोदामात गेलेल्या पानामागे धावून वसुली होत नाही.

पुडे मोजताना फळीवर ग्रामसभेचा एक माणूस स्वतंत्र वही घेऊन बसावा. ‘खराब पान’ म्हणून शेकड्यामागे काही पुडे वगळण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. किती वगळायचे, कोण ठरवणार आणि वगळलेले पान कोणाचे, हे करारात नसेल तर दिवसाअखेरीस तोडणाऱ्या बाईच्या आणि व्यापाऱ्याच्या दिवाणजीच्या आकड्यात फरक पडतो.

पायरी सातवी: जिथे पेसाचा हात पोहोचत नाही, तिथे दुसरा आधार धरा

लोहखनिज, कोळसा, बॉक्साइट ही प्रमुख खनिजे आहेत. पूर्वशिफारशीची तरतूद गौण खनिजांपुरती असल्यामुळे या खाणींच्या पट्ट्यांना पेसाखालील पूर्वशिफारशीची गरज पडत नाही. खाणीविरुद्ध गावाने केलेला ठराव केवळ पेसाच्या आधारावर लिहिला तर तो तिथेच अडतो. ओडिशातील नियमगिरीचे प्रकरण इथे अभ्यासण्याजोगे आहे. बॉक्साइट खाणीबाबत एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध समाजाचे धार्मिक, सांस्कृतिक आणि वनावरील हक्क बाधित होतात का, हे ग्रामसभांनी ठरवावे असे सांगितले. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. त्यांचा आधार प्रामुख्याने वनहक्क कायद्याचा होता. म्हणून जंगल आणि देवस्थान यांवरील सामूहिक हक्कांचे दावे प्रकल्पाची नोटीस येण्यापूर्वीच दाखल झालेले असावेत. नोटीस आल्यावर घाईने केलेल्या दाव्याकडे अधिकारी संशयाने पाहतात.

जमिनीच्या बाबतीत आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे हस्तांतरित करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे परवानगी लागते. खरेदीखत न करता दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, गहाण किंवा कुणा आदिवासी माणसाच्या नावावर दुसऱ्यानेच केलेली खरेदी अशा वाटांनी हा नियम टाळला जातो. ग्रामसभेला असा व्यवहार रद्द करता येत नाही. तिने सातबारावरील फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की ती सभेत वाचावी, मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि ठरावाची प्रत तहसीलदार व जिल्हाधिकारी यांच्याकडे पाठवावी. फेरफार मंजूर झाल्यानंतर अपिलाची वाट लांब असते, म्हणून तलाठी कार्यालयातील नोटीसफलक महिन्यातून एकदा पाहण्याचे काम गावातील एका ठरावीक व्यक्तीकडे नावानिशी सोपवून ठेवावे.